व्हायवाची तयारी: प्रोकॅरिओट आणि युकॅरिओटमधलं जीन एक्सप्रेशन, सरावाचे प्रश्न आणि नमुना उत्तरं

मॉलिक्युलर बायोलॉजीच्या व्हायवात "दोन्हींच्या जीन एक्सप्रेशनमधले फरक सांगा" हा प्रश्न हमखास येतो. बहुतेक विद्यार्थी दहा-बारा फरकांचा तक्ता पाठ करून जातात आणि एका दमात म्हणून टाकतात. परीक्षक तिसऱ्या-चौथ्या फरकावर थांबवतात आणि विचारतात, "असं का?" तक्त्यात हे 'का' कुठेच लिहिलेलं नसतं, त्यामुळे गाडी तिथेच अडते.

म्हणून इथे तक्ता दिलेला नाही. एकच फरक धरायचा, जीवाणूच्या पेशीत डीएनए आणि राइबोसोम यांच्यामध्ये भिंत नाही आणि आपल्या पेशीत ती आहे, आणि बाकीचे जमतील तेवढे फरक त्यातून काढत जायचं. सराव दोघांनी करा. एकाने प्रश्न विचारायचा, दुसऱ्याने मिनिटभरात तोंडी उत्तर द्यायचं, आणि लगेच पहिल्याने उपप्रश्न विचारायचा. उत्तरं वाचून दाखवू नका. खालची नमुना उत्तरं बोलायच्या भाषेतच लिहिली आहेत, ती आपल्या शब्दांत फिरवून घ्या.

पहिली पायरी: बोलण्याआधी दोन आकृत्या

कोरा कागद घ्या. डावीकडे ई. कोलायची पेशी काढा. त्यात डीएनएची एक रेघ, रेघेवर आरएनए पॉलिमरेज, त्यातून बाहेर लोंबणारा एम-आरएनए, आणि त्या अर्धवट एम-आरएनएवर आधीच बसलेले दोन-तीन राइबोसोम. उजवीकडे युकॅरिओट पेशी काढून तिच्यात केंद्रकाचं वर्तुळ काढा. वर्तुळाच्या आत डीएनए, त्यातून निघणारा कच्चा आरएनए, त्याच्या एका टोकाला टोपी, म्हणजे कॅप, दुसऱ्या टोकाला पॉली-ए शेपूट, आणि मधले इन्ट्रॉन कापलेले दाखवा. मग केंद्रकाच्या छिद्रातून बाहेर जाणारा बाण आणि बाहेर राइबोसोम.

ही आकृती डोळे मिटून काढता आली पाहिजे. व्हायवात पेन-कागद मागितलं तर सहसा कोणी नाही म्हणत नाही, आणि आकृती समोर असली की परीक्षकांचे पुढचे प्रश्नही तिच्यावरूनच येतात.

दुसरी पायरी: पहिलं उत्तर

प्रश्न: दोन्हींमधला सर्वांत मूलभूत फरक कोणता?

नमुना उत्तर: "सर, जीवाणूमध्ये केंद्रकाचं आवरण नसतं. त्यामुळे एम-आरएनए तयार होत असतानाच राइबोसोम त्याच्यावर चढतात आणि भाषांतर सुरू होतं. ट्रान्सक्रिप्शन आणि ट्रान्सलेशन एकाच जागी, एकाच वेळी चालतात. युकॅरिओटमध्ये ट्रान्सक्रिप्शन केंद्रकात होतं आणि ट्रान्सलेशन बाहेर सायटोप्लाझममध्ये. या दोन्हींच्या मधल्या वेळात आरएनएवर कॅप लागते, इन्ट्रॉन काढले जातात आणि पॉली-ए शेपूट जोडली जाते."

उपप्रश्न: एकाच वेळी चालतात हे कशावरून?

उत्तर: "ऑस्कर मिलर आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये ई. कोलायची इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली छायाचित्रं घेतली. त्यांत डीएनएला चिकटलेल्या, अजून पूर्ण न झालेल्या एम-आरएनएवर राइबोसोमची रांग दिसते. वेगही जुळतात. ई. कोलायचं पॉलिमरेज सेकंदाला साधारण ४० ते ५० न्यूक्लिओटाइड जोडतं. राइबोसोम सेकंदाला सुमारे १५ अमिनो आम्लं जोडतो, म्हणजे ४५ न्यूक्लिओटाइड वाचतो."

हे आकडे नीट लक्षात ठेवा, कारण त्यावर तोंडी हिशेब विचारतात. लॅक-झेड जीन सुमारे ३ हजार बेस जोड्यांचा आहे, म्हणजे त्याची पूर्ण प्रत निघायला मिनिटभर लागतं. याच्या उलट टोकाला माणसाचा डिस्ट्रोफिन जीन आहे. तो सुमारे २२ लाख बेस जोड्यांचा आहे आणि त्याची एक प्रत निघायला १६ तास लागतात. त्यातला बहुतेक भाग इन्ट्रॉनचा असतो, तयार एम-आरएनए उरतो तो फक्त १४ हजारांच्या आसपास. दर २० मिनिटांनी दुभंगू शकणाऱ्या जीवाणूला असा जीन परवडलाच नसता.

तिसरी पायरी: 'भिंत नाही' याचा जीवाणू काय उपयोग करतो

इथे जास्त वेळ घालवा. लॅक ऑपेरॉन सगळे करून येतात, पण ट्रिप्टोफॅन ऑपेरॉनचं अटेन्युएशन समजून सांगणारे फार कमी असतात. आणि दोन्ही क्रिया एकत्र चालण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

प्रश्न: अटेन्युएशन म्हणजे काय? ते युकॅरिओटच्या केंद्रकात का होऊ शकत नाही?

नमुना उत्तर: "ट्रिप्टोफॅन ऑपेरॉनच्या सुरुवातीला एक लीडर भाग असतो. त्यात १४ अमिनो आम्लांच्या छोट्या पेप्टाइडचा संदेश असतो आणि त्यात ट्रिप्टोफॅनचे दोन कोडॉन लागोपाठ येतात. लीडर आरएनएचे चार तुकडे मानूया. दुसरा आणि तिसरा जोडी करू शकतात, किंवा तिसरा आणि चौथा. तिसरा-चौथा जोडी झाली तर टर्मिनेटर तयार होतो आणि पॉलिमरेज गळून पडतं.

"पेशीत ट्रिप्टोफॅन भरपूर असेल तर राइबोसोम त्या दोन कोडॉनवरून न थांबता पुढे जातो आणि दुसऱ्या तुकड्यावर येऊन बसतो. दुसरा झाकला गेला, म्हणून तिसरा चौथ्याशी जोडी करतो आणि ट्रान्सक्रिप्शन थांबतं. ट्रिप्टोफॅन कमी असेल तर राइबोसोम त्या दोन कोडॉनवरच, म्हणजे पहिल्या तुकड्यात, खोळंबतो. मग दुसरा मोकळा राहतो, तिसऱ्याशी जोडी करतो, टर्मिनेटर बनत नाही आणि ऑपेरॉन पूर्ण वाचला जातो."

यानंतर सूत्र पकडून शेवटचं वाक्य बोला: "या यंत्रणेत राइबोसोमची जागा बघून पॉलिमरेजचं पुढे काय होणार ते ठरतं, म्हणून दोघं एकाच आरएनएवर एकाच वेळी असावे लागतात. केंद्रकात ट्रान्सक्रिप्शन चालू असताना त्या आरएनएवर राइबोसोम नसतो, त्यामुळे अशा प्रकारचं नियंत्रण तिथे शक्य नाही."

इथे हमखास होणारी चूक म्हणजे कोणता तुकडा कधी झाकला जातो ते उलटं सांगणं. आपलं आपण तपासायची सोपी युक्ती आहे. ट्रिप्टोफॅन भरपूर असताना पेशीला ऑपेरॉन बंद हवा असतो. तुमच्या वर्णनात त्या स्थितीत पॉलिमरेज पुढे जात असेल, तर तुकडे उलटे झाले आहेत.

अभ्यासू परीक्षक असतील तर पुढे विचारतील, "हे सगळ्याच जीवाणूंत असंच चालतं का?" नाही. बॅसिलस सबटिलिसमध्ये पॉलिमरेज राइबोसोमला मागे टाकून बरंच पुढे निघून जातं, असं २०२० मध्ये दाखवलं गेलं. त्यामुळे उत्तर देताना 'सर्व जीवाणूंत' असं न म्हणता 'ई. कोलायमध्ये' म्हणा.

चौथी पायरी: राइबोसोम सुरुवात कुठून करतो

प्रश्न: जीवाणूच्या एका एम-आरएनएवरून अनेक प्रथिनं बनतात, आपल्या पेशीत सहसा एकच. का?

नमुना उत्तर: "जीवाणूत राइबोसोमच्या लहान उपघटकातला १६-एस आरएनए एम-आरएनएवरच्या शाइन-डालगार्नो क्रमाशी, म्हणजे `AGGAGG` किंवा त्यासारख्या तुकड्याशी, जोडी करतो. हा तुकडा `AUG` च्या थोडा अलीकडे असतो. लॅक ऑपेरॉनच्या एम-आरएनएवर तीन जीन आहेत आणि प्रत्येकाला स्वतःची अशी जागा आहे, म्हणून राइबोसोम मध्येसुद्धा बसू शकतो. युकॅरिओटमध्ये लहान उपघटक आधी कॅपपाशी येतो आणि तिथून पुढे सरकत योग्य असा पहिला `AUG` शोधतो. त्यामुळे बहुधा पहिलंच प्रथिन बनतं."

हे समजलं असेल तर पुढचा प्रश्न स्वतः सोडवा: लॅक ऑपेरॉनचा तिन्ही जीन असलेला एम-आरएनए कॅप लावून माणसाच्या पेशीत सोडला, तर काय बनेल? मुख्यतः पहिल्या जीनचं प्रथिन, म्हणजे बीटा-गॅलॅक्टोसिडेज. दुसऱ्या आणि तिसऱ्या जीनपाशी शाइन-डालगार्नो क्रम असेल, पण तो ओळखणारी जोडी आपल्या राइबोसोममध्ये नाही.

पाचवी पायरी: चालू-बंद कोण करतं

लॅक ऑपेरॉनवर फार वेळ घालवायची गरज नाही, तो तुमचा झालेला असतो. फक्त दोन ठिकाणी जपून बोला. रिप्रेसरला चिकटून त्याला डीएनएवरून सोडवतो तो लॅक्टोज नव्हे, लॅक्टोजपासून तयार होणारा अ‍ॅलोलॅक्टोज. आणि लॅक्टोज असला तरी ग्लुकोजही भरपूर असेल तर ऑपेरॉन जोरात चालत नाही, कारण सायक्लिक-एएमपी कमी असतं आणि कॅप नावाचं सक्रिय करणारं प्रथिन प्रमोटरजवळ बसत नाही. हे प्रथिन आणि एम-आरएनएच्या टोकाची कॅप यांचा काही संबंध नाही. बोलताना 'कॅप प्रथिन' आणि 'कॅप रचना' असं स्पष्ट म्हणा.

प्रश्न: ऑपेरॉन बंद असेल तर परमिएज नाही. मग पहिला लॅक्टोज पेशीत येतो कसा, आणि त्याचा अ‍ॅलोलॅक्टोज करतो कोण?

नमुना उत्तर: "बंद म्हणजे पूर्ण शून्य नाही. रिप्रेसर मधूनमधून डीएनएवरून सुटतो, तेवढ्यात थोडी परमिएज आणि बीटा-गॅलॅक्टोसिडेजची थोडी प्रत तयार होते. सुरुवातीला तेवढी पुरते."

आता तुलना. जीवाणूचा चांगला प्रमोटर उघडाच असतो. `TTGACA` आणि `TATAAT` हे दोन क्रम सिग्मा घटकासह आलेलं पॉलिमरेज स्वतः ओळखतं, आणि त्याला अडवायला रिप्रेसर लागतो. युकॅरिओटचा डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, दर न्यूक्लिओसोमवर सुमारे १४७ बेस जोड्या. म्हणून जीन आपोआप चालू होत नाही. हिस्टोनमध्ये बदल करणारी एन्झाइम्स, सर्वसाधारण ट्रान्सक्रिप्शन घटक आणि त्या पेशीचे खास सक्रिय करणारे घटक यावे लागतात, तेव्हा कुठे आरएनए पॉलिमरेज दोन कामाला लागतं. थोडक्यात, जीवाणूचा जीन अडवला नाही तर चालतो, आणि आपला जीन चालवला नाही तर बंदच राहतो.

प्रश्न: युकॅरिओटला एवढा खटाटोप कशासाठी?

नमुना उत्तर: "माणसाच्या चेतापेशीत आणि लाल रक्तपेशीच्या पूर्वपेशीत डीएनए एकच आहे, पण बीटा-ग्लोबिन फक्त दुसरीत बनतं. ते चालू करणारा मुख्य नियंत्रक भाग जीनपासून कित्येक हजार बेस जोड्या दूर आहे आणि डीएनएला वळसा पडून तो जीनजवळ येतो. जीवाणूला मुख्यतः बाहेरच्या बदलत्या अन्नाला मिनिटांत प्रतिसाद द्यायचा असतो. आपल्याला पेशी-पेशीत फरक ठेवायचा असतो, तोही वर्षानुवर्षं."

इथेच एम-आरएनएच्या आयुष्याचा विषय येतो. ई. कोलायमध्ये ते काही मिनिटांचं असतं, म्हणून साखर संपली की एन्झाइम बनणंही लगेच थांबतं. ग्लोबिनचा एम-आरएनए कित्येक तास टिकतो. लाल रक्तपेशी केंद्रक टाकून देते, त्यानंतरही तिच्यात काही काळ हिमोग्लोबिन बनत राहतं ते त्यामुळेच.

सहावी पायरी: सगळं एकत्र आणणारा प्रश्न

हा प्रश्न पूर्ण सोडवता आला तर वरच्या सगळ्या पायऱ्यांचा सराव एकदम होतो. घड्याळ लावा आणि तीन मिनिटं बोला.

प्रश्न: माणसाच्या गुणसूत्र ११ वरचा बीटा-ग्लोबिन जीन जसाच्या तसा कापून ई. कोलायमध्ये घातला. प्रथिन मिळेल का? नसेल तर क्रमाने काय काय अडेल?

उत्तर एकेका टप्प्याने बांधा. पहिला टप्पा ट्रान्सक्रिप्शनचा. या जीनच्या प्रमोटरमध्ये टाटा बॉक्स आहे, पण तो ओळखणारं प्रथिन जीवाणूत नाही, आणि सिग्मा घटकाला हवे असलेले दोन क्रम योग्य अंतरावर नाहीत. त्यामुळे भरवशाची प्रत निघणार नाही. समजा आपण पुढे जीवाणूचा प्रमोटर जोडला.

दुसरा टप्पा स्प्लायसिंगचा, आणि इथे खोलात जा. या जीनमध्ये तीन एक्झॉन आणि दोन इन्ट्रॉन आहेत. पहिला इन्ट्रॉन १३० बेसचा, दुसरा ८५० चा. जीवाणूत स्प्लायसिओसोम नसतो, म्हणून दोन्ही इन्ट्रॉन आरएनएमध्ये तसेच राहतील. राइबोसोम पहिला एक्झॉन बरोबर वाचेल आणि तिसाव्या कोडॉनपाशी इन्ट्रॉनमध्ये शिरेल. पुढे निरर्थक अमिनो आम्लं लागत जातील आणि त्या इन्ट्रॉनच्या आतच स्टॉप कोडॉन येईल. आणि समजा तिथे स्टॉप कोडॉन नसता, तरी १३० ला तीनने भाग जात नाही, एक उरतो. म्हणजे इन्ट्रॉन ओलांडल्यावर दुसऱ्या एक्झॉनची वाचनचौकट सरकलेली असती. १४६ अमिनो आम्लांच्या ग्लोबिनऐवजी एक खुरटा, चुकीचा तुकडा हाती येईल.

परीक्षकांनी विचारलं की इन्ट्रॉनमधल्या एका अक्षराने काय बिघडतं, तर उत्तर आपल्याकडेच आहे. भारतात बीटा थॅलेसेमियाच्या रुग्णांत सर्वांत जास्त सापडणारा बदल याच पहिल्या इन्ट्रॉनच्या पाचव्या जागी असतो: `G` च्या जागी `C`. प्रथिनाचा एकही कोडॉन बदलत नाही, पण कापायची खूण कच्ची पडते आणि बराचसा आरएनए चुकीच्या जागी कापला जातो. हे उदाहरण नुसतं नाव घेऊन सोडू नका, खूण कुठे आहे ते आकृतीवर दाखवा.

तिसरा टप्पा राइबोसोम बसण्याचा. मानवी एम-आरएनएवर शाइन-डालगार्नो क्रम नाही, तो `AUG` च्या आधी घालावा लागेल. शेवटी जीवाणूचा टर्मिनेटर लागेल, कारण आपली `AAUAAA` ही खूण तिथे कोणी तशी वाचत नाही.

मग उपाय? "सर, लाल रक्तपेशींच्या पूर्वपेशींमधून तयार एम-आरएनए घेऊ. त्यात स्प्लायसिंग आधीच झालेलं असतं. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज वापरून त्याचा सी-डीएनए करू आणि तो जीवाणूचा प्रमोटर, शाइन-डालगार्नो क्रम आणि टर्मिनेटर असलेल्या प्लाझ्मिडमध्ये घालू." इथवर आलात तर पुढचा प्रश्न येईल, "मग हिमोग्लोबिन मिळालं?" नाही. मिळाली ती एक साखळी. हिमोग्लोबिनला दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या लागतात, शिवाय प्रत्येकीत हीम लागतं.

इन्सुलिनबद्दल विचारलं तर १९७८ चं काम सांगा. त्यात ए साखळीचे २१ आणि बी साखळीचे ३० अमिनो आम्लांचे जीन रसायनशाळेत जोडून तयार केले होते, त्यामुळे इन्ट्रॉनचा प्रश्नच आला नाही. दोन्ही साखळ्या ई. कोलायमध्ये वेगवेगळ्या बनवून नंतर जोडल्या गेल्या. हे इन्सुलिन अमेरिकेत १९८२ मध्ये औषध म्हणून मान्य झालं.

सातवी पायरी: 'नेहमी' आणि 'कधीच नाही' हे शब्द

प्रश्न: प्रोकॅरिओटमध्ये इन्ट्रॉन नसतात, बरोबर?

हा सापळा आहे. "जीवाणूच्या प्रथिन बनवणाऱ्या जीनमध्ये सहसा नसतात, आणि स्प्लायसिओसोम तर नसतोच. पण स्वतःला कापून घेणारे ग्रुप एक आणि ग्रुप दोन इन्ट्रॉन काही जीवाणूंमध्ये सापडतात," असं म्हणा. पॉली-ए शेपटीचंही तसंच आहे. ई. कोलायमध्येही ती लागते, पण तिथे ती आरएनए लवकर मोडायला मदत करते. आपल्याकडे ती आरएनए टिकवते. ऑपेरॉन सी. एलेगन्स या गोलकृमीत आहेत, पण तिथे लांब आरएनए आधी कापून वेगवेगळे एम-आरएनए केले जातात आणि मगच त्यांचं भाषांतर होतं. म्हणजे चौथ्या पायरीतला नियम तिथेही टिकतो.

शेवटचा प्रश्न बहुधा आर्कियाचा असतो: "आर्कियाला केंद्रक नाही, मग त्यांचं जीन एक्सप्रेशन जीवाणूसारखंच ना?"

नमुना उत्तर: "मॅडम, केंद्रक नाही म्हणून ट्रान्सक्रिप्शन आणि ट्रान्सलेशन एकत्र चालू शकतात, आणि ऑपेरॉनही असतात. पण त्यांचं आरएनए पॉलिमरेज आपल्या पॉलिमरेज दोनशी जास्त मिळतंजुळतं आहे. प्रमोटरमध्ये टाटा बॉक्स असतो आणि तो ओळखणारं प्रथिनही असतं, सिग्मा घटक नसतो. म्हणून मी आतापर्यंत 'प्रोकॅरिओट' म्हणून जे सांगितलं ते जीवाणूंबद्दल, मुख्यतः ई. कोलायबद्दल होतं."